पहिला टुरिस्ट व्हिसा: दिवसवार कार्यक्रम कसा लिहायचा? आधी रात्री मोजा, मग दिवस भरा

व्हिसाच्या फायलीत बरेच कागद लागतात. सातबारा तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन मिळतो, स्टेटमेंट बँकेतून मिळतं, विमा कंपनी देते. पण एक कागद असा आहे की तो कुठल्याच कार्यालयातून मिळत नाही. तो म्हणजे दिवसवार कार्यक्रम, ज्याला एजंट मंडळी 'आयटिनरी' म्हणतात. कोणत्या तारखेला कुठे असणार, काय बघणार आणि रात्री कुठे झोपणार, हे आपल्यालाच लिहून द्यावं लागतं.

पहिल्यांदा अर्ज करणारी माणसं इथे दोन टोकांच्या चुका करतात. काही जण 'पॅरिस फिरणार, स्वित्झर्लंड फिरणार' एवढ्या दोन ओळींत मामला संपवतात. काही जण सकाळी सात ते रात्री दहापर्यंतचं तासातासाचं वेळापत्रक लिहितात, वर प्रत्येक ठिकाणाचं तिकीटही काढून बसतात. व्हिसा मिळाला नाही तर तो सगळा पैसा अडकतो. खरं तर या कागदाकडून अपेक्षा साधी आहे. रोजची रात्र कुठे, तिथे पोहोचणार कसं आणि हे सगळं बाकीच्या कागदांशी जुळतं का, एवढं त्यातून स्पष्ट कळलं पाहिजे.

हे नीट समजण्यासाठी आपण एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. युरोपातल्या 29 देशांसाठी मिळून एकच 'शेंगेन' व्हिसा असतो. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड दोन्ही त्यात येतात. उदाहरण असं समजा: निफाड तालुक्यातलं एक जोडपं. काका द्राक्ष बागायतदार, काकू जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. मे महिन्याच्या सुट्टीत दोघांना पॅरिस आणि स्वित्झर्लंड बघायचंय. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास.

पहिला कच्चा आराखडा कुठे फसला

काकांनी एका सहल कंपनीच्या जाहिरातीवरून यादी उतरवली. आठ दिवसांत पॅरिस, ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम, कोलोन, लुझर्न, व्हेनिस आणि रोम. कागदावर ही यादी झकास दिसते. पण जाहिरातीतल्या सहलीला स्वतःची बस असते, सोबत मॅनेजर असतो, हॉटेलं वर्षभर आधी ठरलेली असतात. दोन माणसं स्वतःच्या हिमतीवर रेल्वेने हेच करायला निघाली तर जवळजवळ रोज बॅग भरायची, स्टेशन गाठायचं, नवं हॉटेल शोधायचं. पॅरिस ते अॅमस्टरडॅमला वेगवान रेल्वेलाही साधारण साडेतीन तास लागतात. शिवाय स्टेशनवर जाणं-येणं आणि हॉटेलची खोली मिळेपर्यंत थांबणं आलंच. म्हणजे अर्धा दिवस गेला.

कागद तपासणारा अधिकारी त्याच देशाचा असतो. लोणंद ते नांदेड किती लांब आहे हे जसं आपल्याला नकाशा न बघता कळतं, तसं त्याला हे कळतं. पहिल्यांदाच विमानात बसणारं जोडपं आठ दिवसांत सात शहरं करणार, हे वाचून त्याला वाटतं की हा कागद यांनी लिहिलेला नाही, कुणीतरी छापून दिलाय. तो संशय एकदा आला की बाकीचे खरे कागदही तो त्याच नजरेने बघतो.

या यादीत दुसरी अडचण आणखी मोठी होती. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हेच त्यातून कळत नव्हतं.

पायरी पहिली: रात्री मोजा

शेंगेन व्हिसाचा नियम असा आहे की ज्या देशात मुक्काम सर्वात जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार, त्याच्याकडे. विमान कुठे उतरतं यावर हे ठरत नाही, आणि कुठल्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते यावरही नाही. बरेच जण अपॉइंटमेंट मिळते म्हणून एका देशाकडे अर्ज करतात आणि फिरण्याचे दिवस दुसऱ्याच देशात दाखवतात. अधिकाऱ्याला हे मोजायला अर्धा मिनिट पुरतो.

म्हणून कार्यक्रम लिहिताना प्रेक्षणीय स्थळांनी सुरुवात करूच नका. वहीत एक आडवी रेघ मारा आणि आधी फक्त रात्री लिहा. काका-काकूंनी यादी कापून दोनच मुक्काम ठेवले:

- पॅरिस: 17, 18, 19 मे, म्हणजे 3 रात्री
- लुझर्न (स्वित्झर्लंड): 20, 21, 22, 23 मे, म्हणजे 4 रात्री

एकूण 7 रात्री. स्वित्झर्लंडच्या जास्त, त्यामुळे विमान पॅरिसला उतरणार असलं तरी अर्ज स्वित्झर्लंडचा. आता फॉर्मवर 'मुख्य देश' या रकान्यात स्वित्झर्लंड आणि 'प्रथम प्रवेशाचा देश' या रकान्यात फ्रान्स लिहायचं. दोन्ही रकाने वेगळे असतात आणि घाईत तिथेच गोंधळ होतो.

लुझर्नच का, तर तिथून टिटलिस, रिगी असे डोंगर रेल्वेने आणि बोटीने दिवसभरात बघून रात्री परत येता येतं. एकाच हॉटेलात चार रात्री राहून स्वित्झर्लंड बघता येतं. बॅग दोनदाच उघडायची. अधिकाऱ्याला असा कार्यक्रम पटतो, आणि साठीकडे झुकलेल्या गुडघ्यांनाही झेपतो.

पायरी दुसरी: प्रवासाचे दिवस वेगळे काढा

रात्री ठरल्या की मुक्काम बदलण्याचे दिवस आपोआप दिसतात. आपल्या उदाहरणात असे तीनच दिवस आहेत: जाण्याचा, पॅरिसहून लुझर्नला जाण्याचा आणि परतीचा. या दिवसांत मोठं काही बघण्याचं लिहायचं नाही.

जाण्याच्या दिवशी एक सापळा असतो, तो नीट लक्षात घ्या. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '17 मे, पहाटे 4' असं असेल तर घरून निघायचं 16 तारखेला. निफाडहून मुंबई दोनशे किलोमीटरच्या वर, आणि आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं असतं. पुष्कळ जण 17 तारखेला रात्री निघायचं समजून पॅरिसचं हॉटेल 18 तारखेपासून बुक करतात. मग विमान 17 ला उतरतं आणि त्या रात्रीच्या मुक्कामाचा पत्ताच फायलीत नसतो. अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती रात्र 'बेपत्ता'.

उलट परतीला तारीख पुढे जाते. झुरिकहून 24 मेच्या संध्याकाळी निघालं की मुंबईत 25 ला सकाळी उतरणार. म्हणजे युरोपातला शेवटचा दिवस 24, घरी पोहोचण्याचा दिवस 25. व्हिसाचे दिवस मोजताना प्रवेशाचा आणि बाहेर पडण्याचा, दोन्ही दिवस धरतात. 17 ते 24 म्हणजे 8 दिवस. रात्री 7, दिवस 8. 

मधला प्रवास पॅरिसच्या 'गार द लियों' स्टेशनवरून रेल्वेने, बासेलला गाडी बदलून लुझर्न. सगळा मिळून साधारण साडेचार ते पाच तास. तेवढं एका ओळीत लिहिलं की पुरे. गाडीचा नंबर, डबा, सीट यांची गरज नाही.

पायरी तिसरी: दिवसाला एकच मोठी गोष्ट

आता उरलेले दिवस भरा. दिवसाला एक मोठं ठिकाण, आणि वाटलं तर संध्याकाळी जवळपासचं एक छोटं. यापेक्षा जास्त लिहू नका. लिहायच्या आधी मात्र एक गोष्ट मोबाइलवर नक्की तपासा: ते ठिकाण त्या वारी उघडं असतं का?

पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतो. काकांच्या पहिल्या कागदात नेमकं उलटं होतं: सोमवारी व्हर्साय, मंगळवारी लूव्र. दोन्ही दिवशी बंद दाराशी उभं राहण्याचा कार्यक्रम! नुसती अदलाबदल केली आणि काम झालं. या एका चुकीने व्हिसा नाकारतील असं नाही. पण कागद डोकं लावून लिहिलाय की कुठून तरी उतरवलाय, हे अशाच ठिकाणी दिसतं.

डोंगरावरच्या दिवसांचं गणित हवामानावर असतं. ढग आले तर टिटलिसवर पैसे देऊन पांढरं धुकं बघायचं. म्हणून तिथले दोन दिवस 'हवामान बघून पुढेमागे' असं सरळ लिहावं. असं लिहिलं तर कागद कच्चा दिसेल अशी भीती काहींना वाटते. उलट डोंगराळ भागात जाणारा शहाणा माणूस असंच ठरवतो.

एक दिवस थोडा मोकळा ठेवा. 'लुझर्न गाव, तळ्याकाठी फेरफटका, खरेदी, विश्रांती' एवढं पुरतं. आठ दिवसांत एक मोकळा दिवस असणं स्वाभाविक आहे. चार दिवस मोकळे असतील तर मात्र प्रश्न पडतो, की हे लोक तिथे जाऊन करणार काय?

तयार झालेला कार्यक्रम

दूतावासाला हा कागद इंग्रजीत द्यावा लागतो. तारीख, गाव, दिवसाचा कार्यक्रम आणि रात्रीचा मुक्काम असे चार रकाने आखले की झालं. मुक्कामाच्या रकान्यात हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन. आपल्या सोयीसाठी तो इथे मराठीत असा:

- 17 मे, रविवार: मुंबईहून पहाटे विमान, एका ठिकाणी विमान बदलून दुपारी पॅरिस. हॉटेलात आराम, संध्याकाळी सीन नदीकाठी फेरी. मुक्काम पॅरिस.
- 18 मे, सोमवार: लूव्र संग्रहालय. संध्याकाळी आयफेल टॉवर. मुक्काम पॅरिस.
- 19 मे, मंगळवार: उपनगरी रेल्वेने व्हर्सायचा राजवाडा आणि बागा. मुक्काम पॅरिस.
- 20 मे, बुधवार: रेल्वेने पॅरिस ते लुझर्न, बासेलला बदल. संध्याकाळी लाकडी चॅपेल पूल. मुक्काम लुझर्न.
- 21 मे, गुरुवार: रेल्वेने एंगेलबर्ग, तिथून केबल कारने टिटलिस. हवामान बघून 22 तारखेशी अदलाबदल. मुक्काम लुझर्न.
- 22 मे, शुक्रवार: बोटीने तळं ओलांडून फिट्झनाउ, तिथून डोंगरी रेल्वेने रिगी. मुक्काम लुझर्न.
- 23 मे, शनिवार: लुझर्न गाव, खरेदी, विश्रांती. मुक्काम लुझर्न.
- 24 मे, रविवार: रेल्वेने झुरिक विमानतळ, संध्याकाळी परतीचं विमान. 25 मे सकाळी मुंबई.

एवढाच. एका पानात मावतो. खरेदी शनिवारी ठेवलीय, कारण स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. आणि एक बारीक गोष्ट. या गावाचं नाव इंग्रजीत Lucerne लिहितात, पण तिथल्या रेल्वेच्या अॅपवर आणि काही हॉटेलांच्या पावतीवर Luzern दिसतं. दोन्ही एकच. फायलीत मात्र एकच स्पेलिंग शेवटपर्यंत ठेवलं तर वाचणाऱ्याला सोपं जातं.

काय बुक करायचं आणि काय नाही

वरच्या कार्यक्रमातल्या फक्त दोन गोष्टींचे कागद फायलीत लागतात: सातही रात्रींचा मुक्काम आणि जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण.

हॉटेल 'मोफत रद्द' या अटीवर घ्या. हॉटेल बुकिंगच्या अॅपमध्ये ही अट खोलीच्या दराखालीच लिहिलेली असते, आणि अमुक तारखेपर्यंत पैसे कापणार नाही असंही दिलेलं असतं. ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. व्हिसा वेळेत आला नाही तर त्याआधी रद्द करावं लागेल, नाहीतर कार्डावरून रक्कम जाईल. बुकिंगवर दोघांचीही नावं पासपोर्टप्रमाणे हवीत. पुष्कळदा काकांचंच नाव येतं आणि 'दोन व्यक्ती' एवढंच छापलं जातं. मग काकूंच्या फायलीत त्यांच्या मुक्कामाचा पुरावाच राहत नाही. अॅपमध्ये दुसऱ्या पाहुण्याचं नाव टाकायची सोय नसेल तर हॉटेलला निरोप पाठवून नाव घालून घ्या.

अर्ज दिल्या दिवशी बुकिंग रद्द करू नका. निर्णय व्हायच्या आत दूतावासाने हॉटेलला विचारलं आणि 'असं बुकिंग नाही' असं उत्तर आलं, तर सगळ्या फायलीवर पाणी पडतं.

विमानाच्या बाबतीत पूर्ण पैसे भरलेलं, परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका. आरक्षण दाखवता येतं, किंवा थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येणारं तिकीट घेता येतं. तालुक्याच्या गावात पाचशे-हजारात 'डमी तिकीट' करून देणारे भेटतात. त्यांना एकच विचारा: यावरचा पीएनआर विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकला तर नावासकट दिसेल का? दिसत असेल तर ते काही दिवसांपुरतं खरं आरक्षण आहे. दिसत नसेल तर तो कॉम्प्युटरवर बनवलेला कागद आहे. त्याला हात लावू नका. जोडलेल्या कागदांच्या खरेपणाबद्दल शंका, हे शेंगेन नियमांत व्हिसा नाकारण्याचं स्वतंत्र कारण आहे. अर्जाची माहिती त्यांच्या यंत्रणेत पाच वर्षांपर्यंत राहते आणि ती सगळ्या शेंगेन देशांना दिसते.

बाकी पॅरिस-लुझर्न रेल्वे, टिटलिसची केबल कार, लूव्रचं तिकीट, रिगीची बोट हे सगळं व्हिसा हातात पडल्यावर. कार्यक्रमात त्याचं नाव असलं की झालं, तिकीट जोडावं लागत नाही.

कार्यक्रम बाकीच्या कागदांशी बोलला पाहिजे

कार्यक्रम एकटा कुणी वाचत नाही. तो हातात धरून अधिकारी बाकीचे कागद उलटतो. त्यामुळे चार ठिकाणी जुळणी करून बघा.

पहिली जुळणी सुट्टीची. काकूंना जिल्हा परिषदेकडून परदेश प्रवासाची परवानगी घ्यावी लागते. त्या पत्रावरची मुदत 16 ते 25 मे पूर्ण झाकणारी हवी. पत्रात 18 ते 24 असेल आणि विमान 17 च्या पहाटेचं असेल, तर कुठला कागद खरा?

दुसरी जुळणी विम्याची. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो, तोही सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. त्याच्या तारखा 17 ते 24 मे झाकणाऱ्या हव्यात. एक-दोन दिवस जास्तीचे घेतलेले बरे, विमान उशिरा सुटलं तरी आपण उघड्यावर पडत नाही.

तिसरी जुळणी पैशाची. स्वित्झर्लंडच्या नियमाप्रमाणे स्वखर्चाने फिरणाऱ्या माणसाकडे दिवसाला साधारण 100 स्विस फ्रँक असल्याचं दिसावं लागतं. दोन माणसं, 8 दिवस, म्हणजे 1,600 फ्रँक. एका फ्रँकला शंभर रुपयांच्या वर धरा. म्हणजे विमानाचं भाडं सोडून एक लाख साठ हजारांच्या वर रक्कम खात्यात सहज दिसली पाहिजे. 'सहज' हा शब्द महत्त्वाचा. खात्यात वर्षभर पंधरा-वीस हजार आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक चार लाख जमा, असं असेल तर ती रक्कम कुणाची, हा प्रश्न येणारच. द्राक्षाचे पैसे हंगामात एकरकमी येतात, हे युरोपातल्या अधिकाऱ्याला माहीत असेलच असं नाही. मार्चमध्ये मोठी रक्कम आली असेल तर व्यापाऱ्याची किंवा निर्यातदाराची हिशोबपट्टी जोडा आणि सोबतच्या पत्रात एका वाक्यात सांगा. सातबारा, आठ-अ आणि हिशोबपट्टी मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायला विसरू नका.

हॉटेलचा दर्जाही या पैशाशी जुळायला हवा. खात्यात जेमतेम रक्कम आणि बुकिंग पंचतारांकित, हे 'मोफत रद्द'च्या नादात होऊन बसतं. ज्या हॉटेलात खरोखर राहणार, तेच दाखवा.

चौथी जुळणी परतीची. अधिकाऱ्याच्या मनातला सर्वात मोठा प्रश्न 'काय बघणार' हा नसतोच. 'हे परत जाणार का' हा असतो. म्हणून सोबतच्या पत्रात कार्यक्रमाच्या शेवटच्या तारखेनंतर काय आहे, ते लिहा. काकूंची शाळा जूनच्या मध्यावर उघडते. काकांच्या बागेत एप्रिल छाटणीनंतरची कामं चालू असतात, आठ दिवस ती कोण बघणार आणि आल्यावर काय करायचंय, हे दोन ओळींत सांगता येतं. आठ दिवसांची सहल अशा घराला शोभते. याच जोडप्याने पहिल्याच वेळी पंचेचाळीस दिवसांचा कार्यक्रम दिला असता, तर बाग आणि शाळा दोन्ही कागद त्यांच्याच विरोधात गेले असते.

वेळ कधी, फी किती

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आधी आणि कमीत कमी 15 दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस धरलेले असतात, पण गरज पडली तर ते 45 पर्यंत लांबवू शकतात. मेच्या प्रवासासाठी फेब्रुवारीत तयारी आणि मार्चमध्ये अर्ज, हे हिशोबात ठेवा. सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. पहिल्या वेळी बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः अर्ज केंद्रावर जावं लागतं. मोठ्या माणसाची व्हिसा फी 90 युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही.

अर्ज केंद्रावरचे कर्मचारी कागद फक्त जमा करून घेतात, निर्णय दूतावासाचा असतो. त्यामुळे 'आत आमची ओळख आहे' असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा.

नाकारला तर कागदावर काय लिहिलेलं असतं

शेंगेन व्हिसा नाकारताना ठरावीक कारणांची छापील यादी देतात आणि लागू असलेल्या कारणापुढे खूण करतात. कार्यक्रमाशी जोडलेली कारणं मुख्यतः दोन. एक, प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाची माहिती पटण्याजोगी नाही. दुसरं, मुदत संपण्याआधी परत जाल याबद्दल शंका आहे.

पहिल्या कारणावर खूण असेल तर कार्यक्रम, हॉटेल आणि फॉर्म यांत कुठे मेळ बसत नाही, ते शोधा. एखादी रात्र सुटलीय का, मुख्य देश चुकलाय का, नाव राहिलंय का. दुसऱ्यावर खूण असेल तर नुसता कार्यक्रम सुधारून भागत नाही. नोकरी, शेती, घर यांचे कागद आणि बँकेचा व्यवहार भक्कम करावा लागतो. अपील करता येतं किंवा नवा अर्जही करता येतो, पण नव्या अर्जाला फी पुन्हा पूर्ण लागते. तोच कागद तसाच पुन्हा दिला तर उत्तरही बहुधा तेच येतं.

व्हिसा आल्यावर कार्यक्रम बदलला तर

लूव्रऐवजी दुसरं संग्रहालय बघितलं, रिगी आणि टिटलिसचे दिवस बदलले, हॉटेल बदलून स्वस्तातलं घेतलं, तर काही बिघडत नाही. या कागदाला कुणी दिवसागणिक हजेरी लावत नाही. पण व्हिसा स्वित्झर्लंडकडून घेऊन तिकडे फिरकायचंच नाही आणि सगळे दिवस भलत्याच देशात काढायचे, हे चालत नाही. सीमेवर विचारलं तर उत्तर देता येत नाही, आणि पुढच्या व्हिसाला ते आडवं येतं. व्हिसावर लिहिलेल्या दिवसांपेक्षा एक दिवसही जास्त राहू नका.

पॅरिसला उतरल्यावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी 'किती दिवस, कुठे राहणार, परत कधी' एवढंच विचारण्याची शक्यता असते. त्यासाठी कार्यक्रम, हॉटेलचे कागद, विमा आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकलेल्या बॅगेत नको. मोबाइल तिथे चालू होईलच याचा भरवसा नाही, म्हणून छापील प्रत हवीच.

जमा करण्याआधीची शेवटची तपासणी

कार्यक्रमाचं पान घरातल्या अशा माणसाला द्या, ज्याने तो लिहिण्यात भाग घेतलेला नाही. कॉलेजला जाणारी पुतणी असली तरी चालेल. तिला फक्त चार गोष्टी विचारा: 19 तारखेला हे दोघं कुठे झोपणार? 20 ला तिथून पुढे कसे जाणार? सर्वात जास्त रात्री कोणत्या देशात? घरी कोणत्या तारखेला येणार? चारही उत्तरं तिला पानावर बोट ठेवून देता आली तर कागद तयार आहे. एखाद्या ठिकाणी ती अडखळली, तर अधिकारीही तिथेच अडखळेल.

मग हेच चार प्रश्न काका-काकूंना, पान बाजूला ठेवून विचारा. दूतावासातून फोन आला तर उत्तर एजंट देणार नाही, अर्जदारच देणार. लुझर्न, एंगेलबर्ग, फिट्झनाउ ही नावं जिभेवर बसत नसतील तर देवनागरीत लिहून दोन दिवस म्हणून बघा. आपल्या तोंडून आपला कार्यक्रम सांगता येत नसेल तर यादी अजून लांब आहे असं समजा आणि एखादं ठिकाण खुशाल खोडा.